सकाळचं पहिलं घर

गडचांदूरला आम्ही जुलैत राहायला आलो. नवरा सिमेंट कारखान्यात, मी बँकेत. स्वयंपाकाच्या मावशी आठ दिवसांत मिळाल्या. हाताला चव होती, वेळ पाळायच्या, ओटा लख्ख ठेवायच्या. सहा महिने नवीन गावात पाय रोवायला लागतात असं सगळे सांगत होते आणि आमचं तर महिन्यातच मार्गी लागलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मावशींनी फडका धुऊन वाळत घातला आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, आता कापूस फुटला न. उद्यापासून वेचाले जातो मी. माघ लागला का येतो परत."

मला राग आला होता. आधी सांगायला नको का, असंही मी बोलले. त्या नवलाने माझ्याकडे बघत राहिल्या. कापूस केव्हा फुटतो हे या भागात कुणी कुणाला सांगत नाही. ते सगळ्यांना माहीतच असतं.

त्यानंतरच्या तीन वर्षांत इथे नव्याने येणाऱ्या बऱ्याच जोडप्यांना बाई शोधून द्यायला मी मदत केली आणि एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. बाई भरवशाची आहे की नाही हा प्रश्न तिच्या स्वभावाचा फार थोडा असतो. तिचं वर्ष कसं जातं आणि तिची सकाळ कशी जाते, हे आपल्याला ठाऊक असेल तर ती भरवशाची ठरते. ठाऊक नसेल तर उत्तम बाईही 'दांड्या मारणारी' वाटते.

कोरपना, राजुरा, जिवती हा पट्टा काळ्या मातीचा आणि चुनखडीचा. चुनखडीमुळे गडचांदूर, आवाळपूर, उपरवाही, नारंडा इथे सिमेंटचे कारखाने आले आणि आपल्यासारखे नोकरदार आले. काळ्या मातीत कापूस होतो आणि तो वेचायला हात लागतात. दसऱ्याच्या आगेमागे पहिलं बोंड फुटतं, शेतात सीतादही होते आणि वेचणी सुरू होते. पहिला वेचा, दुसरा, तिसरा असं करत ते काम जानेवारीपर्यंत चालतं. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि वेचणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायाच असतात.

आमच्या मावशींचा हिशोब त्यांनीच मला नंतर समजावून सांगितला. चार घरचा स्वयंपाक, प्रत्येकी २,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८,०००. त्या वर्षी वेचणी किलोला ९ रुपये होती. त्यांचा हात चांगला, दिवसाला ४५ किलो व्हायचा, म्हणजे ४०५ रुपये. महिन्यात २४ दिवस गेलं तरी ९,७२० होतात. वर पैसे आठवड्याला हातात येतात आणि जावा-नणंदा सगळ्या एका गाडीत बसून जातात. चार घरांपैकी एखाद्या घराने ५०० रुपये वाढवून त्यांना थांबवणं शक्यच नव्हतं. थांबवायचं तर चारही घरांनी मिळून वाढवायला हवं होतं.

कापसाखेरीज आणखीही हंगाम असतात. मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांत पहाटेच मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. गोंडपिपरी, सावली, मूल या पूर्वेकडच्या भागांतली कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि तिथेच मुक्काम करतात. म्हणून बाईला माहेर कुठलं हे विचारलेलं बरं, कारण गडचांदुरात राहणारी बाईसुद्धा माहेरच्या टोळीबरोबर जाऊ शकते. सणांचंही तसंच आहे. पोळा तर आहेच. १९५६ साली १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तिथल्या दीक्षाभूमीवर दर वर्षी त्या सुमारास सोहळा असतो. गोंड-कोलाम घरांतल्या बाया पौषात जंगुबाईच्या यात्रेला जातात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा असते. पहिल्याच भेटीत "सीझनला जाता का? कोणत्या? किती दिवस?" असं सरळ विचारावं. त्यात बाईला काही वावगं वाटत नाही. उलट 'या घराला कळतं' असं वाटून ती मोकळेपणाने सांगते.

आता तिच्या सकाळबद्दल.

दोघांच्या घरात दोन डबे आणि रात्रीचं जेवण धरून दिवसाला साधारण १४ पोळ्या लागतात. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर ४२० ग्रॅम, महिन्याचे साडेबारा किलो. कणीक मळून ठेवायची, तेवढ्यात भाजी चिरून फोडणीला टाकायची, कुकर लावायचा, मग पोळीमागे दोन मिनिटं. सवयीच्या हाताला याला तासभर लागतो, ओटा आवरण्यासकट सव्वा तास. सकाळी सहाला निघालेली बाई साडेदहापर्यंत तीन घरं नीट करते, चौथं ओढून-ताणून. आता पहिल्या घरात गॅस संपला, दुसऱ्यात पाहुणे आले, तिसऱ्यात कुणी दारच उघडलं नाही. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं गेली तर चौथ्या घरी ती अर्धा तास उशिरा पोचते आणि त्या घरची माणसं म्हणतात, बाई वेळ पाळत नाही. पहिल्या घराला मात्र ती वर्षभर घड्याळासारखी वाटते. बाई एकच असते, फक्त घराचा नंबर वेगळा असतो.

त्यामुळे पगाराच्याही आधी विचारायचा प्रश्न हा: "तुमच्या सकाळच्या फेरीत आमचं घर कितवं?" नऊ वाजता निघणाऱ्या जोडप्याला दुसरा नंबर चालतो. कारखान्याची पाळी सहा ते दोन असेल तर पहिल्या नंबराचंही काही खरं नाही, कारण माणूस साडेपाचला घराबाहेर पडतो. अशांनी सकाळच्या बाईचा नाद सोडून संध्याकाळची बाई बघावी. रात्रीची भाजी थोडी जास्त करून फ्रीजमध्ये ठेवायची, पोळ्याही तेव्हाच करून घ्यायच्या. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर तेही आधीच सांगून टाकावं. आठवड्याला वेळ बदलणारं घर बाईच्या साखळीत बसत नाही, आणि ते लपवून ठेवलेलं घर ती दुसऱ्या महिन्यात सोडते.

शोधायचं कुठे? इथे फोनवरच्या ॲपचा काही उपयोग नाही. ज्या ओळीत घर घेतलं त्याच ओळीत कुणाकडे भांडीवाली येते ते बघायचं आणि तिलाच विचारायचं. ती बहुधा स्वतःच्या जावेला नाहीतर शेजारणीला घेऊन येते, आणि तीच तिची जामीन असते. पुढे कधी खाडा झाला तर हीच जाऊ बदली म्हणून येते. दुसरी जागा म्हणजे पिठाची चक्की. चक्कीवाल्याला कोणती बाई कुणाच्या घरचं दळण आणते हे पाठ असतं. तिसरी, अंगणवाडीच्या ताई आणि बचत गट. डबा हवा असेल तर मी बचत गटापासूनच सुरुवात करायला सांगते. कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आत यायला गेटपास लागतो आणि तो निघायला कधी आठवडाही जातो. त्यामुळे आधीच पास असलेल्या बायांची नावं गेटवर विचारून घेणं सोपं पडतं.

धुणीभांडी आणि झाडू-पोछा यांबद्दल फार सांगायला नको. या कामाचा दर कामागणिक असतो: भांडी वेगळी, कपडे वेगळे, फरशी वेगळी. ओळीतल्या तीन घरी विचारलं की दर कळतो. नव्याने आलेले लोक मोठ्या शहरातला दर सांगतात आणि ओळीत कुरबूर होते, किंवा फार घासाघीस करतात आणि बाई चार दिवसांत दुसरं घर धरते. मला तर एकाच बाईला सगळी कामं देणं सोयीचं वाटत नाही. ती गेली की एका दिवसात सगळंच बंद पडतं. स्वयंपाकाला एक आणि वरकामाला दुसरी असली, तर एकीच्या खाड्याला दुसरी निदान कुकर तरी लावते.

पैशाच्या बाबतीत तीन गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्याव्यात. महिन्यात सुट्ट्या किती? आमच्याकडे चार ठरल्या आहेत. आपण गावाला गेलो तर पगार कापायचा का? माझं मत ठाम आहे, कापू नये. दिवाळीत दहा दिवस आपण माहेरी जातो तेव्हा तिने ती वेळ आपल्यासाठी राखून ठेवलेलीच असते. ते दहा दिवस कापणाऱ्या घराला हंगामात थांब म्हणण्याचा हक्क उरत नाही. तिसरी गोष्ट उचलीची. शाळा उघडताना, पेरणीला, दवाखान्याला ती उचल मागणारच. एका महिन्याच्या पगाराइतकी उचल द्यावी आणि महिना ५०० असे चार हप्ते दोघींसमोर वहीत लिहावेत. मोठी उचल दिली की बाई बांधली जाते असं काहींना वाटतं. प्रत्यक्षात फेडणं जमेनासं झालं की ती तोंड चुकवते आणि आपली बाई आणि पैसे दोन्ही जातात.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडे डाळीवरून कुरबूर झाली. डाळ शिजत नाही म्हणून मी मावशींना बोलायचे आणि मावशी डाळीला नावं ठेवायच्या. दोष पाण्याचा होता. ज्या चुनखडीवर सिमेंट चालतं तिचंच कॅल्शियम बोअरच्या पाण्यात उतरतं. डाळीच्या दाण्यात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं, एरवी ते गरम पाण्यात सुटं होतं. कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाण्यादाण्याचीच राहते. सोडा टाकला तर ती शिजते, पण तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व जातं. आम्ही फिल्टरचं दोन भांडी पाणी डाळीसाठी वेगळं ठेवतो आणि डाळ अर्धा तास भिजवतो. फिल्टर नसेल तर पाणी उकळून, निवू द्यावं आणि वरचं ओतून घ्यावं. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसलेला दिसतो. बाहेरून आलेल्या माणसाने बाईच्या हाताला दोष देण्याआधी आपल्या किटलीच्या आतला थर बघावा.

तेलाचं मोजमापही पहिल्या महिन्यातच करून ठेवावं. इथल्या हाताला तर्री लागते. शब्दांनी 'कमी तेल' सांगितलं तर दोन दिवस टिकतं. एक लिटरची बरणी भरून तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावली की बोलावं लागत नाही. आमच्या दोघांना महिन्याला दीड लिटर पुरतं. बरणी बारा दिवसांत संपली तर आम्ही दोघी मिळून ती बघतो आणि मावशी स्वतःच म्हणतात, "वांग्याले जास्त गेलं या वेळी."

बरं, तरीही वर्षातले काही दिवस डब्यावरच काढावे लागतात. कारखान्यांमुळे गडचांदुरात मेस पुष्कळ आहेत. बिहारी कामगारांसाठी भात-रोटीची, तेलुगू माणसांसाठी आंबट-तिखटाची, आपली वरण-पोळी-भाजीची. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे मराठी मेसच्या भाजीतही चिंच आणि अंबाडी सहज येतात. मेस निवडताना रविवारी जेवू नये, त्या दिवशी फीस्ट असते. मंगळवारी-बुधवारी रात्री नऊनंतर जेवून बघावं. उरलेल्या वरणाचं काय होतं, तळणीचं तेल किती काळं झालंय आणि डबे कुठे धुतात, हे त्या वेळी दिसतं. घरगुती डबेवाल्यांनाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, तिचा १४ अंकी क्रमांक असतो. तो विचारल्यावर जी काकू पटकन कागद काढून दाखवते ती बाकीच्या गोष्टींतही बहुधा नीटनेटकी असते.

डब्याचा व्यवहार खाड्यावर अडतो. महिन्याचे ६० डबे ठरले, आपण १० खाल्ले नाहीत, त्याचं काय? बहुतेक मेसमध्ये आदल्या रात्री सांगितलं तर, आणि सलग तीन किंवा जास्त दिवस असतील तरच खाडा धरतात. नोकरदार जोडप्याचे खाडे सुटे असतात, एक मंगळवारी, एक शुक्रवारी. ते कधीच धरले जात नाहीत. म्हणून आमच्यासारख्यांनी महिना न बांधता २० किंवा ३० डब्यांचं कार्ड घ्यावं, जितके खाल्ले तितके कापले जातात. दर थोडा चढा पडतो, पण शेवटी स्वस्तच जातं.

उन्हाळ्यात मात्र दरापेक्षा मोठी गोष्ट वेळ आहे. शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चंद्रपूरचा मे ४५ अंशांच्या घरात असतो. साडेआठला भरलेला डबा दीडला उघडला तर मध्ये पाच तास गेलेले असतात, तेही जंतूंना अगदी मानवणाऱ्या उबेत. रस्सा चमच्याने उचलल्यावर तार धरत असेल, कडेला बारीक फेस असेल, झाकण उघडताच आंबूस वास आला तर डबा टाकून द्यावा. भाताचं वेगळंच आहे. त्यात वाढणाऱ्या एका जंतूचं विष वासाला, चवीला कळत नाही आणि पुन्हा गरम करूनही जात नाही. एका एप्रिलमध्ये नवऱ्याला दुपारच्या डब्यातल्या मसालेभाताने उलट्या झाल्या होत्या. भात दिसायला आणि चवीला चांगला होता. तेव्हापासून होळीनंतर आमच्या डब्यात भात, बटाट्याचा रस्सा आणि ओलं खोबरं नसतं. पोळी, कोरडा झुणका, जवसाची चटणी, सुकी भेंडी किंवा गवार, आणि ताक ऑफिसच्या फ्रीजमध्ये. पोळ्या वाफ गेल्यावरच डब्यात घालायच्या. गरम घातल्या की झाकणाला घाम येतो आणि खालच्या दोन पोळ्या चिकट होतात.

एक गोष्ट मी कुणाच्याही सोयीसाठी सैल करत नाही. कापसाच्या दिवसांत एका घरी बाईच्या ऐवजी तिची अकरा-बारा वर्षांची मुलगी भांडी घासायला यायला लागली होती. त्या घरालाही ते चालत होतं. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ सालापासून बंदी आहे, पण माझ्या दृष्टीने कायद्याच्याही आधी ती मुलगी शाळेत दिसायला हवी. बदली माणूस आधीच ठरवून ठेवायचं ते याचसाठी. जाऊ, नणंद, सासू कोण येणार, तिचा पगार कोण देणार, हे सप्टेंबरातच ठरलं असेल तर मुलीवर पाळी येत नाही.

आणि मालक म्हणून आपल्याकडून एक कागद तिला मिळायला हवा. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाची बाई त्यात नाव नोंदवू शकते, आणि त्यासाठी ती घरकाम करते असा दाखला काम देणाऱ्याने लिहून द्यावा लागतो. नोंदणी चालू ठेवली तर बाळंतपणाला मदत मिळते, ५५ वर्षं पूर्ण झाल्यावर १०,००० रुपये सन्मानधनाची तरतूद आहे. कामगार खात्याचं कार्यालय चंद्रपूरला आहे. आमच्या मावशींचा एक दिवस आणि बसभाडं मी दिलं. दाखला लिहायला मला पाच मिनिटं लागली. त्यांच्या आधीच्या चार घरांपैकी कुणी तो लिहून दिला नव्हता, कारण कुणी मागितलाच नव्हता.

हो, त्याच मावशी. माघात त्या खरंच परत आल्या होत्या, आणि मधल्या काळात ठेवलेल्या बाईला मी दुसरं घर बघून दिलं होतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघी ओट्याशी बसलो. वेचणीची गाडी आठला चौकातून सुटते. त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. पावणेसहाला आल्या तर सात वाजेपर्यंत दोन डबे होतात आणि त्यांना घरी जाऊन स्वतःची भाकरी बांधायला वेळ उरतो. म्हणजे हंगामात आम्ही त्यांचं पहिलं घर, आणि एकुलतं एक. संध्याकाळचा स्वयंपाक त्या तीन महिने करणार नाहीत, रात्री आम्ही कार्डाचा डबा आणतो. पगार तेवढाच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी सातचा डबा दुपारी एकला खाणं इथल्या डिसेंबरच्या थंडीत चालून जातं, एप्रिलमध्ये चाललं नसतं. पण तोवर कापूस संपलेला असतो आणि त्या नेहमीच्या वेळेला परत आलेल्या असतात.

गेल्या नोव्हेंबरात त्या अंधारात दार वाजवायच्या तेव्हा डोक्याला आधीच रुमाल बांधलेला असायचा, वेचणीचा, कानामागे गाठ मारलेला. पोळ्या करताना त्या मला कोणत्या शेतात कितवा वेचा चाललाय ते सांगायच्या. सात वाजता खाली गल्लीतून कुणीतरी त्यांच्या नावाने हाक मारायचं, आणि त्या तवा उतरवून, गॅस बंद केला का ते दोनदा बघून निघायच्या.